मलवाहिनी जाळे: जलशास्त्रीय संकल्पन अहवाल
खाडीकाठचे शहर, जिल्हा रत्नागिरी

प्रवाह. सध्याची लोकसंख्या १४,२००. संकल्पन वर्ष २०५५ साठी १९,०००. पाणीपुरवठा दरडोई १३५ लिटर, त्यापैकी ८० टक्के म्हणजे १०८ लिटर मलजल. सरासरी २.०५ एमएलडी, अर्थात २३.७५ लि./से. लोकसंख्या २०,००० च्या आत असल्याने केंद्राच्या २०१३ च्या नियमावलीनुसार पीक फॅक्टर ३.०. खाडीलगतच्या ४२ हेक्टरात भूजल वर असते, तेथे हेक्टरी रोज ५,००० लिटर झिरप धरली (२.४३ लि./से.). झिरपेला पीक फॅक्टर लावलेला नाही. एकूण कमाल प्रवाह ७३.७ लि./से.

उतार व वेग. मॅनिंग सूत्र, n = ०.०१३. प्लॅस्टिक पाइपला ०.०११ चालतो, पण आत बुळबुळीत थर बसल्यावर तो टिकत नाही, म्हणून घेतला नाही. पाइप ०.८ खोलीपेक्षा जास्त भरू द्यायचा नाही. वेग सुरुवातीच्या कमाल प्रवाहाला किमान ०.६ मी./से., संकल्पन वर्षी ०.८.

| वाहिनी | व्यास (मिमी) | उतार | कमाल प्रवाह (लि./से.) | वेग (मी./से.) |
|---|---|---|---|---|
| बंदर रस्ता मुख्य | ४०० | १:४०० | ७३.७ | ०.९० |
| बाजारपेठ (३,१०० लोक) | २०० | १:१५० | ११.६ | ०.८२ |
| वरची आळी (१२ घरे) | १५० | १:६० | ०.२ | ०.३६ |

मुख्य वाहिनीत पहिल्या वर्षी निम्मीच घरे जोडली गेली तरी वेग ०.६९ राहतो.

वरच्या आळीची ओळ मात्र निकषात बसत नाही. १:१७० या किमान उताराला पाणी जेमतेम १४ मिमी चढते आणि वेग ०.२५ वर येतो. अंगणातली वाळू तिथेच बसते. १:६० केला तरी भागत नाही, आणि जांभा आणखी फोडणे परवडणारे नाही. म्हणून शेंड्याच्या चेंबरमध्ये आठवड्याला १,००० लिटर पाणी एकदम सोडावे. हा खर्च देखभालीत धरला आहे.

खाडीकडचा शेवट. मुख्य वाहिनी १,१५० मी.; तिला २.८८ मी. उतार हवा, जमीन उतरते फक्त ०.६ मी. सुरुवातीची तळखोली १.३ मी., शेवटी ३.५८ मी. तेथे जमीन सरासरी समुद्रसपाटीपासून २.१ मी. वर, म्हणजे पाइपचा तळ सपाटीखाली १.४८ मी. उधाणाच्या भरतीत चर भरतो आणि रिकामा पाइप वर उचलला जातो. त्यामुळे शेवटचे ३०० मी. काँक्रीटच्या वेष्टनात घ्यावेत, चर उपसत ठेवावा आणि हे काम पावसाळ्यात काढू नये. पुढे पंपिंग अटळ आहे.

पागोळीचे पाणी. १०० चौ. मी. छपरावरून ताशी ५० मिमी पावसात १.३९ लि./से. येते, वरच्या आळीच्या कमाल प्रवाहाच्या जवळपास सातपट. जाळ्यात यासाठी जागा ठेवलेली नाही. घरजोडणी देताना न्हाणी व संडासाचीच नळी चेंबरला लागली आहे ना, हे झाकण बसण्याआधी पाहावे. झाकण बसले की पन्हाळीची नळी सापडत नाही.