विषय: ऑगस्टच्या पोस्टपेड बिलात लावलेले 644.28 रुपयांचे जादा शुल्क – लेखी तक्रार (खात्याचे शेवटचे अंक 70318)

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (बिलिंग),
मुंबई सर्कल

महोदय / महोदया,

माझ्या नावावर तुमच्या कंपनीचे फॅमिली पोस्टपेड कनेक्शन आहे. त्यात दोन नंबर आहेत. 4417 ने संपणारा नंबर मी वापरते आणि 2086 ने संपणारा माझी आई. 5 ऑगस्ट 2025 चे बिल (कालावधी 5 जुलै ते 4 ऑगस्ट) 1,528.10 रुपयांचे आले आहे. आमचे मासिक भाडे 749 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून दरमहा 883.82 रुपये होतात आणि आजवर तेवढेच बिल येत होते. या वेळी त्यात 546 रुपयांची तीन शुल्के आणि त्यांवरचा 98.28 रुपये जीएसटी वाढला आहे. या तिन्हींना माझी हरकत आहे. तुमच्या ॲपमधील बिलाच्या पानांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

सर्वात गंभीर बाब आईच्या नंबरवरची आहे. स्क्रीनशॉट 1 मध्ये 2086 या नंबरखाली ‘VAS Charges’ म्हणून 18 जुलै, 25 जुलै आणि 1 ऑगस्ट या तारखांना प्रत्येकी 99 रुपये, म्हणजे एकूण 297 रुपये लावलेले दिसतात. त्या ओळीवर बोट ठेवले की तपशील उघडतो (स्क्रीनशॉट 2). तिथे सेवेचा प्रकार ‘Games’ आणि सुरू करण्याचा मार्ग ‘WAP’ असे लिहिले आहे. पहिली नोंद पहाटे 2 वाजून 14 मिनिटांची आहे. माझी आई 71 वर्षांची आहे. ती बटणांचा साधा फोन वापरते, तोही फोन घ्यायला आणि करायला. त्या फोनवर ती इंटरनेट वापरत नाही. पहाटे दोन वाजता तिने गेमची साप्ताहिक वर्गणी घेतली, हे मला कोणीतरी पुराव्यानिशी दाखवावे.

अशी सेवा ग्राहकाची दुहेरी संमती घेतल्याशिवाय सुरू करता येत नाही, हा ट्रायचा 2013 पासूनचा निर्देश आहे. ग्राहकाने एकदा मागणी केली तरी सेवेचे नाव, शुल्क आणि मुदत कळवून पुन्हा होकार घ्यावा लागतो. आईच्या फोनमधला एकही मेसेज आम्ही पुसलेला नाही. त्यात होकार मागणारा मेसेज नाही. सेवा सुरू झाल्याचे कळवणारा एकच मेसेज आहे आणि तो इंग्रजीत आहे (त्याचा फोटो स्क्रीनशॉट 3 म्हणून जोडला आहे). आईला इंग्रजी वाचता येत नाही, ती मराठी वाचते. म्हणून मी स्पष्ट मागते आहे : दोन्ही वेळच्या संमतीची नोंद, तारीख, वेळ आणि ती कोणत्या मार्गाने मिळाली याच्या तपशिलासह मला लेखी द्या. तशी नोंद नसेल तर हे पैसे घेण्याचा अधिकार कंपनीला नाही.

ही सेवा आम्ही 6 ऑगस्ट रोजी 155223 वर फोन करून बंद केली. बंद झाल्याचा मेसेजही आला आहे. सेवा बंद केली म्हणजे आधीचे शुल्क मान्य केले, असा अर्थ कृपया काढू नये. दोन्ही नंबरवर अशा सर्व सेवा कायमच्या रोखून ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

दुसरे शुल्क माझ्या नंबरवर आहे. 29 जुलैला ‘Add-on Pack’ म्हणून 149 रुपये लावले आहेत. हा जादा डेटाचा पॅक आहे. आमच्या प्लॅनमध्ये दोन्ही नंबर मिळून महिन्याला 75 जीबी डेटा मिळतो आणि तुमच्याच ॲपच्या वापराच्या पानावर (स्क्रीनशॉट 4) या संपूर्ण कालावधीत 48 जीबी वापरल्याचे दिसते. 27 जीबी शिल्लक असताना जादा डेटा मी का विकत घेईन? हा पॅक मी मागितलेला नाही.

तिसरे, 100 रुपयांचे विलंब शुल्क. मागील बिलाची शेवटची तारीख 22 जुलै होती. मी 21 जुलैला संध्याकाळी यूपीआयने पूर्ण रक्कम भरली आणि ती त्याच दिवशी माझ्या बँक खात्यातून वजा झाली. व्यवहार क्रमांकासह पावती (स्क्रीनशॉट 5) आणि बँकेच्या उताऱ्याचे ते पान सोबत आहे. तुमच्या बिलात मात्र रक्कम 23 जुलैला मिळाल्याचे दाखवले आहे. पैसे वेळेत भरले गेले. ते तुमच्या खात्यात नोंदायला उशीर झाला असेल तर त्याचा दंड माझ्यावर पडू नये.

याआधी मी कस्टमर केअरला फोन केला होता आणि वाशीच्या गॅलरीतही जाऊन आले. फोनवर तक्रार नोंदवली गेली, पण दुसऱ्याच दिवशी ‘शुल्क योग्य आहे’ असा एका ओळीचा मेसेज पाठवून ती बंद करण्यात आली. गॅलरीत मला सांगण्यात आले की, “बिलात आलंय म्हणजे मॅडम, घरातल्या कोणीतरी घेतलंच असणार.” हे उत्तर ऐकून फार वाईट वाटले, कारण आई माझ्या शेजारीच उभी होती. तेव्हापासून ती फोन हातात घ्यायला कचरते. आपल्या हातून काही भलतेच दाबले जाईल आणि मुलीला भुर्दंड पडेल, अशी भीती तिच्या मनात बसली आहे. 71 वर्षांच्या बाईला तिने न केलेल्या गोष्टीबद्दल अपराधी वाटावे, हे मला 297 रुपयांपेक्षा जास्त लागले आहे.

माझी मागणी अशी आहे. तिन्ही शुल्के जीएसटीसह, म्हणजे 644.28 रुपये, बिलातून वगळून दुरुस्त बिल पाठवावे. ज्याबद्दल वाद नाही ते 883.82 रुपये मी 22 ऑगस्ट या शेवटच्या तारखेच्या आत भरणार आहे. उरलेल्या रकमेचा निर्णय होईपर्यंत त्यावर विलंब शुल्क लावू नये, वसुलीचे फोन करू नयेत आणि दोन्हीपैकी एकाही नंबरची सेवा तोडू नये. आईच्या डॉक्टरांचे आणि बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात. या तक्रारीचा नवीन क्रमांक मला ईमेलने कळवावा आणि ती बंद करण्यापूर्वी प्रत्येक शुल्काबद्दल स्वतंत्र लेखी उत्तर द्यावे. ‘शुल्क योग्य आहे’ एवढे उत्तर मी स्वीकारणार नाही.

समाधानकारक उत्तर आले नाही तर मी ट्रायच्या नियमांनुसार 30 दिवसांच्या आत तुमच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन. तिथेही न्याय मिळाला नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. वेळ तिथवर येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे नेटवर्क आमच्या भागात चांगले आहे आणि कनेक्शन बदलण्याचा विचार मी आजवर कधी केला नव्हता.

या तक्रारीसंबंधी कृपया याच ईमेलवर किंवा माझ्या 4417 ने संपणाऱ्या नंबरवर, शक्यतो संध्याकाळी सहानंतर आणि मराठीत संपर्क साधावा. आईच्या नंबरवर फोन करू नये.

आपली,
स्मिता कदम
सेक्टर 5, कोपरखैरणे, नवी मुंबई
8 ऑगस्ट 2025

सोबत : स्क्रीनशॉट 1 ते 5, बँकेचा जुलैचा उतारा (संबंधित पान), 5 ऑगस्टच्या बिलाची पीडीएफ प्रत