क्रीडावार्षिकाचे लेखनसंकेत : विद्यार्थी वार्ताहर आणि मुद्रितशोधकांसाठी

आपल्या फोंड्याच्या शाळेच्या क्रीडावार्षिकासाठी मजकूर लिहिताना आणि तपासताना हे टिपण जवळ ठेवा. दोन रूपे चालण्यासारखी असली, तरी अंकात एकच चालेल. ते कोणते, ते इथे ठरवले आहे.

खेळाडूंची नावे

सर्वाधिक चुका इथेच होतात. हजेरीपटावर नावे रोमन लिपीत असतात आणि Naik वरून नाईक की नायक, Gaonkar वरून गावकर की गांवकर हे कळत नाही. म्हणून अंदाज करू नका. संघाची यादी घेऊन वर्गात जा आणि खेळाडूकडून त्याचे नाव देवनागरीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. फर्नांडिस की फर्नांडीस, रॉड्रिग्ज की रॉड्रिगीस, हेही तोच ठरवेल. आडनावाला व्याकरणाचे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम लावायचे नाहीत. ‘ळ’कडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा: शंखवाळकरचे शंखवालकर झाले की गोव्यातल्या वाचकाला पहिल्याच ओळीत ठेच लागते.

पहिल्या उल्लेखात नाव, आडनाव आणि इयत्ता. पुढे फक्त नाव. आडनावाने उल्लेख नको, कारण एकाच संघात तीन नाईक सहज निघतात. वडिलांचे नाव लिहायचे नाही. एकाच संघात नाव-आडनाव सारखे असलेले दोघे असतील, तेव्हाच ते घ्या.

गावे आणि मैदाने

मराठीत रूढ असलेली रूपे वापरा: डिचोली, साखळी, पेडणे, केपे, काणकोण, सासष्टी. इंग्रजी पत्रकावरून उतरवलेले ‘बिचोलिम’, ‘क्वेपेम’ नको. ‘मडगांव’ हे कोकणी लेखन आहे, चूक नव्हे. आपण मराठीत ‘मडगाव’ लिहितो. मुलाखतीत खेळाडू कोकणीत बोलला असेल, तर त्याचे वाक्य कोकणीतच आणि कोकणी लेखनानेच छापा. फातोर्ड्याच्या मैदानाचे नाव पहिल्यांदा ‘पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, फातोर्डा’ असे पूर्ण, नंतर ‘फातोर्डा स्टेडियम’.

शुद्धलेखन

क्रीडा (क्रिडा नाही), बुद्धिबळ, यष्टिरक्षक, उपांत्य, पारितोषिक, ॲथलेटिक्स, फुटबॉल, व्हॉलीबॉल, खो-खो. ‘अंडर सेव्हन्टीन’ऐवजी ‘१७ वर्षांखालील मुली’. पेनल्टी, रिले, टायब्रेकर हे शब्द मैदानावर म्हणतात तसेच राहू द्या. त्यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द नकोत. आकडे सर्वत्र देवनागरी.

उपाधी

श्री., सौ., कु., मा. यांना सुट्टी. ‘क्रीडाशिक्षक’, ‘मुख्याध्यापिका’ ही पदे नावाआधी एकदाच येतील. ‘सर’ आणि ‘टीचर’ फक्त मुलांच्या तोंडी. फादर आणि सिस्टर पूर्ण लिहा, ‘फा.’ नको. पद्म पुरस्कार नावाला चिकटवायचा नसतो, त्यामुळे ‘पद्मश्री ब्रह्मानंद शंखवाळकर’ नव्हे, तर ‘२०२२चे पद्मश्री पुरस्कारविजेते, माजी गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर’. पाहुण्यांच्या स्वागताला दोन ओळी पुरेत. पान खेळाडूंचे आहे.

निकाल

विजेत्याचा आकडा आधी, आपण हरलो असलो तरी. ‘डिचोलीच्या संघाने आपल्यावर ३-१ अशी मात केली (मध्यंतराला १-१).’ गोल करणारा आणि मिनिट कंसात. टायब्रेकरचे गोल मूळ गोलांत मिळवू नका: ‘१-१ अशा बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये ४-३’. यात ५-४ असे लिहिणारा दरवर्षी कोणीतरी भेटतोच.

क्रिकेटमध्ये ‘६ बाद १४२ (१८.४ षटके)’. यातला ४ हा चेंडूंचा आकडा आहे, दशांश नव्हे, म्हणून १८.६ कधीच येणार नाही, तिथे १९ होतात. नंतर फलंदाजी करणारा संघ जिंकला तर ‘गडी राखून’, आधी करणारा जिंकला तर ‘धावांनी’. खो-खोत गुणांनी, डावाने किंवा वेळ राखून विजय होतो. गुणपत्रकावर जे असेल तेच घ्या. बॅडमिंटनचे सर्व गेम द्या: २१-१७, १८-२१, २१-१५.

धावण्याची वेळ हाताच्या घड्याळावर घेतली असेल, तर दशांशानंतर एकच आकडा: १२.४ सेकंद. इलेक्ट्रॉनिक असेल तर दोन: १२.४३. हाताच्या वेळेला शून्य जोडून १२.४० करू नका. तेवढी अचूकता त्या घड्याळाने दिलेलीच नाही. उडी आणि फेक मीटरमध्ये, दोन दशांश: ५.६२ मी.

‘धुव्वा’, ‘चारीमुंड्या चीत’, ‘लोळवले’ हे शब्द बाद. समोरही शाळकरी मुलेच होती. ८-० हा आकडा स्वतःच पुरेसा बोलतो. पेनल्टी हुकवणाऱ्याचे नाव मथळ्यात कधीच येणार नाही. वृत्तात आवश्यक असेल तर एकदा, विशेषणाशिवाय.

तपासणी

प्रत्येक निकाल गुणपत्रकाशी दोघांनी ताडायचा: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे. मोबाइलवर आलेला आकडा पुरावा मानायचा नाही. छायाचित्राखालची नावे डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी. राखीव खेळाडूही त्यात आलेच पाहिजेत.