एम.एस्सी. प्रवेशासाठी शिफारसपत्र देण्याबाबत विनंती

भांडुप (पूर्व), मुंबई
दिनांक : 19 जानेवारी 2026

प्रति,
डॉ. नीलिमा साटम,
वनस्पतिशास्त्र विभाग

विषय : एडिंबरा विद्यापीठातील एम.एस्सी. अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्र मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी मृण्मयी गावडे. मुलुंडच्या कॉलेजात एफवाय आणि एसवायला, म्हणजे 2023 ते 2025 या काळात, मी तुमच्या वर्गात होते. भांडुपच्या खाडीवरच्या तिवरांचा प्रोजेक्टही तुमच्याच मार्गदर्शनाखाली केला. तुम्ही रत्नागिरीला गेलात त्यानंतर आमचं टीवाय सुरू झालं. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे आणि पाचव्या सेमिस्टरपर्यंतचा माझा सीजीपीए 8.6 आहे.

एडिंबरा विद्यापीठ आणि तिथलं रॉयल बोटॅनिक गार्डन मिळून ‘बायोडायव्हर्सिटी अँड टॅक्सॉनॉमी ऑफ प्लांट्स’ हा एक वर्षाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालवतात. सप्टेंबर 2026 च्या तुकडीसाठी मी अर्ज करत आहे. त्यासाठी तुम्ही मला शिफारसपत्र द्यावं, ही या पत्रातून विनंती.

टीवायचे शिक्षक असताना तुम्हालाच का विचारते आहे, ते सांगायला हवं. दुसरं शिफारसपत्र आमचे आताचे प्रोजेक्ट गाइड सर देणार आहेतच, पण त्यांनी माझं काम प्रयोगशाळेतलं पाहिलं आहे. चिखलात उतरून, झाड हातात घेऊन, त्याचं नाव ठरवेपर्यंत मी कशी काम करते हे फक्त तुम्ही पाहिलं आहे. आणि हा अभ्यासक्रम नेमका त्याच कामाचा आहे. मार्कशीटवरून हे कुणालाच कळणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला आम्ही सगळेच खाडीवरच्या प्रत्येक तिवराला ‘अव्हिसेनिया मरीना’ म्हणून मोकळे होत होतो. तुम्ही पानांची टोकं पाहायला लावलीत. मरीनाचं पान टोकाशी निमुळतं, ऑफिसिनॅलिसचं गोलसर आणि फूलही मोठं. मग एकट्या पानावर विसंबू नका, फुलोरा येईपर्यंत थांबा, म्हणालात. मी त्या झाडांना खुणा करून ठेवल्या आणि फुलं आल्यावर पुन्हा जाऊन नोंदी पूर्ण केल्या. कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’मधली ‘की’ ओळीओळीने लावून पाहायची सवय तेव्हा लागली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ, त्यातली कितीतरी नावं आता बदललेली, त्यामुळे प्रत्येक नाव आजच्या मान्य नावाशी ताडून घ्यायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. त्या तुलनेचा तक्ता मी स्वतः तयार केला होता. तो सोबत जोडला आहे.

हर्बेरियम शीट्सबद्दलही लिहिते, कारण एडिंबराच्या हर्बेरियममध्ये सुमारे तीस लाख नमुने आहेत आणि तिथल्या शिक्षणात नमुन्यांवर काम करण्याला फार महत्त्व आहे. तिवराची आणि चिप्पीची पानं जाड, रसदार. टिपकागद वेळच्या वेळी बदलला नाही तर काळी पडतात. पावसाळ्यात तर घरी पंख्याखाली कागद वाळवून मी ते बदलत असे. फुलाचा रंग वाळल्यावर उरत नाही म्हणून तो जागेवरच लिहायचा, भरती-ओहोटीच्या कोणत्या पट्ट्यात झाड होतं ते लिहायचं, या तुमच्या सूचना माझ्या लेबलांवर आजही पाळलेल्या दिसतील. तुम्ही सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये नेलं होतंत, तेव्हा जुन्या शीट्सवरची लेबलं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हेच काम आयुष्यभर करावं. ते अजूनही वाटतं.

मुंबईत या कामाची निकड आहे, असं मला मनापासून वाटतं. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर कडक बंदी घातली, 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. तरीही रस्ता किंवा पूल खाडीतून न्यायचा ठरतो तेव्हा तिथे कोणती झाडं आहेत याची यादी कुणीतरी करावी लागते. ती यादीच चुकली तर किती झाडं जातील, त्यांच्या बदल्यात कुठे काय लावायचं, हा पुढचा सगळा हिशेब चुकतो. मला ती यादी बरोबर करणारी व्हायचं आहे. शिकून परत येऊन कोकण किनाऱ्यावरच काम करायचा माझा विचार आहे आणि उद्देशपत्रातही मी तसंच लिहिलं आहे.

मॅडम, एक गोष्ट स्पष्ट सांगते. पुष्कळदा विद्यार्थीच मसुदा लिहून आणतात आणि शिक्षक त्यावर सही करतात. मला तसं करायचं नाही. आठवायला सोपं जावं म्हणून प्रोजेक्टचा गोषवारा आणि नोंदवहीतली काही पानं पाठवते आहे, पण मत तुमचं आणि शब्द तुमचेच असावेत. माझ्यात जे कमी वाटलं असेल तेही तुम्ही निःसंकोच लिहा. पत्र मला दाखवण्याचीही गरज नाही.

पत्र इंग्रजीत, तुमच्या सध्याच्या कॉलेजच्या लेटरहेडवर, सही आणि पदनामासह असावं. लेटरहेडवर वेगळं कॉलेज दिसेल, म्हणून मला कुठे, कोणत्या वर्षी आणि कोणते विषय शिकवलेत याचा उल्लेख सुरुवातीलाच केलात तर बरं होईल. अर्जात मी तुमचा कॉलेजचा ईमेल पत्ता देईन. वैयक्तिक जीमेलपेक्षा तो ग्राह्य धरला जातो. मला फेब्रुवारीअखेर अर्ज पूर्ण करायचा आहे, त्यामुळे 20 फेब्रुवारीपर्यंत पत्र तयार झालं तर उत्तम. तुमच्याकडेही परीक्षा आणि प्रॅक्टिकल्सची धावपळ असेल, म्हणून महिनाभर आधी लिहिते आहे.

कामामुळे किंवा अन्य काही कारणाने जमणार नसेल तर कृपया मोकळेपणाने सांगा, मी समजून घेईन. फक्त या महिनाअखेरपर्यंत होकार किंवा नकार कळला तर मला पुढची व्यवस्था करता येईल. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर तुम्ही म्हणाल त्या वेळी मी फोन करेन. शैक्षणिक कर्जाबद्दल बँकेत चौकशी सुरू केली आहे आणि आई-बाबांची पूर्ण संमती आहे, तेव्हा प्रवेश मिळाला तर मी नक्की जाणार आहे.

तुमची विद्यार्थिनी,
मृण्मयी गावडे
टीवायबीएस्सी, वनस्पतिशास्त्र

सोबत : पाच सेमिस्टरच्या गुणपत्रिका, बायोडेटा, उद्देशपत्राचा मसुदा, खाडी प्रोजेक्टचा गोषवारा, नावांचा तुलनात्मक तक्ता, नोंदवहीतली निवडक पानं आणि हर्बेरियम शीट्सचे फोटो.