ऑसिलोस्कोप चालवण्याची पद्धत: प्रोब, टाइम बेस, ट्रिगर
(इलेक्ट्रॉनिक मापन प्रयोगशाळा, डिप्लोमा द्वितीय वर्ष, लातूर)

प्रोब लावण्याआधी

प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आतून थेट मेन्सच्या अर्थला जोडलेली असते. दोन्ही चॅनेलच्या क्लिपा आतून एकच आहेत. म्हणून २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये प्रोब कधीही घालायचा नाही. मेन्सचा आकार बघायचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर बघा.

ब्रिज रेक्टिफायरच्या प्रयोगात डायोड जळतात ते यामुळेच. चॅनेल १ ची क्लिप सेकंडरीच्या एका टोकाला आणि चॅनेल २ ची क्लिप डीसी ऋण टोकाला लावली, की मधला एक डायोड शॉर्ट होतो. पुढच्या अर्धचक्रात सेकंडरीचा सगळा करंट दुसऱ्या एकाच डायोडमधून जातो. इनपुट आणि आउटपुट वेगवेगळे, एकापाठोपाठ बघा.

स्कोपची तीन पिनांची वायर बदलून दोन पिनांची लावणे, अर्थ पिन तोडणे, हे इथे चालणार नाही. स्कोपचा पत्राच मग जिवंत होऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून अर्थ कमकुवत होतो. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून लॅब असिस्टंटना सांगा.

प्रोब

बारीक सिग्नल सोडून बाकी सगळीकडे प्रोबवरचा स्विच १०एक्स वर ठेवा. तिथे टोकाजवळ ९ मेगाओहम रोधक असतो आणि स्कोपचा स्वतःचा १ मेगाओहम, म्हणजे सर्किटला एकूण १० मेगाओहम दिसतात आणि सिग्नल दहाव्या भागावर येतो. १एक्स वर सर्किटवर केबलचे कपॅसिटन्सही पडते, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला आकार बिघडतो. डिजिटल स्कोपच्या चॅनेल मेनूतही १०एक्स निवडा. जुन्या सीआरओवर वाचन स्वतः दहाने गुणा. वाचन नेमके दहापट चुकले तर आधी हाच स्विच तपासा.

आता प्रोबचे टोक स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीच्या खुंटीला आणि क्लिप शेजारच्या ग्राउंडला लावा. लहरीचे कोपरे गोल दिसले तर भरपाई कमी, कोपऱ्यावर टोक उठले तर जास्त. प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने हळू फिरवून माथा सपाट करा. लोखंडी पेचकसाने कपॅसिटन्स बदलते, पेचकस काढला की लहर परत बिघडते. हे १०एक्स वरच जमते, आणि प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला की पुन्हा करावे लागते.

टाइम बेस

फंक्शन जनरेटरवर १ किलोहर्ट्झ, ४ व्होल्ट शिखर ते शिखर साइन द्या. उभा नॉब १ व्होल्ट प्रति चौकोन, आडवा ०.२ मिलिसेकंद प्रति चौकोन. एक चक्र ५ चौकोनांत बसेल: T = ५ × ०.२ = १ मिलिसेकंद, म्हणून f = १/T = १ किलोहर्ट्झ. पडद्यावर १० आडवे चौकोन असतील तर दोन पूर्ण चक्रे दिसतात. वाचनाला दोन-तीन चक्रेच ठेवा, दहा चक्रे कोंबली की चौकोन मोजता येत नाहीत.

सीआरओवर टाइम बेसचा व्हेरिएबल नॉब ‘कॅल’ खाचेत बसलेला हवा, आणि दहापट मोठे करणारे बटण ओढलेले नसावे. आकडे चुकण्याचे कारण बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक असते. डिजिटल स्कोपवर टाइम बेस फार हळू ठेवला तर नमुने कमी पडून खोटीच, हळू लहर दिसते. म्हणून वेगवान बाजूने सुरू करून हळूहळू मागे या.

५० हर्ट्झसाठी ५ मिलिसेकंद प्रति चौकोन घ्या. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (फिल्टर न लावता) लहर दर १० मिलिसेकंदांनी पुन्हा येते.

ट्रिगर

लहर पळते म्हणजे स्कोप प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणाहून चित्र काढतोय. क्रमाने बघा.

१. सोर्स: सिग्नल चॅनेल १ मध्ये असेल तर सोर्सही चॅनेल १. दुसऱ्या चॅनेलवर राहिला तर लेव्हल कितीही फिरवा, लहर थांबणार नाही.
२. लेव्हल: रेषा लहरीच्या उंचीच्या आत, शक्यतो मध्यावर. ती बाहेर गेली की ऑटोमध्ये लहर पळते, नॉर्मलमध्ये नवे चित्र येतच नाही.
३. स्लोप: चढती की उतरती बाजू, एवढेच.
४. मोड: सुरुवातीला ऑटो. स्विच दाबल्यावरचा एकच पल्स पकडायचा असेल तर सिंगल.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रयोगात सोर्स ‘लाइन’ केला तर मेन्सच्या चालीवर लहर स्थिर होते. सिग्नलवर बारीक काटे दिसत असतील तर ट्रिगर कपलिंग ‘एचएफ रिजेक्ट’ करा.

जर्नलमध्ये आकृतीशेजारी व्होल्ट प्रति चौकोन, सेकंद प्रति चौकोन, प्रोबचा स्विच आणि ट्रिगर सोर्स लिहिलेले असावेत. त्याशिवाय आकृती तपासली जाणार नाही.