निबंध तपासणीची रंगीत चिन्हे : नववी 'ब'च्या मुलामुलींसाठी

मुलांनो,

गेल्या वर्षीपर्यंत मी निबंध तपासताना चुकीचा शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहीत असे, तोही लाल शाईत. एका निबंधाला वीस मिनिटे लागत. वही हातात पडली की तुम्ही आधी गुण बघायचात आणि पान उलटायचात. पुढच्या निबंधात तोच शब्द तसाच चुकलेला असायचा. चूक मी शोधायची आणि दुरुस्तही मीच करायची, मग तुमच्या वाट्याला काही उरतच नव्हते. म्हणून या सत्रापासून मी बरोबर शब्द लिहून देणार नाही. चूक जिथे आहे तिथे फक्त एक चिन्ह असेल. कसली चूक आहे ते चिन्ह सांगेल आणि दुरुस्ती तुम्ही कराल.

हा तक्ता निबंधाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवा.

लाल (शुद्धलेखन) : दी, ऱ्ह, टिं, ⌒, |
जांभळा (वाक्य आणि व्याकरण) : लिं, हिं, बो, क्र
केशरी (विरामचिन्हे) : वि, " "
हिरवा (आशय) : दा, पु, प, त, ?, ✓✓

तुम्ही निळ्या किंवा काळ्या शाईने लिहिता, म्हणून ते दोन रंग मी घेतलेले नाहीत. लाल आणि हिरवा काही जणांना सारखेच दिसतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाचे अक्षरही वेगळे ठेवले आहे. रंग ओळखता आला नाही तरी अक्षरावरून चूक कळेल.

लाल

सगळ्यात जास्त चिन्हे इथेच येतील, म्हणून हा भाग नीट वाचा.

दी म्हणजे तिथे दीर्घ हवे, ऱ्ह म्हणजे ऱ्हस्व हवे. दोन नियम पक्के केलेत तर या चिन्हांपैकी निम्मी तरी गळून पडतील. पहिला नियम असा, की शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा : गर्दी, पाणी, कवी, गुरू. 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. 'परंतु', 'तथापि' यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययेही ऱ्हस्वच राहतात. 'आणी' असे लिहिलेले मला दर वहीत दिसते, तेव्हा 'आणि' हा शब्द आजच दहा वेळा डोळ्यांखालून घाला.

दुसरा नियम तुमच्या रोजच्या वाटेवरच सापडतो. पूल, रूळ, वडील, गरीब या शब्दांत शेवटच्या अक्षराच्या आधीचा उकार किंवा इकार दीर्घ आहे. पण शब्दाला प्रत्यय लागला, की तो ऱ्हस्व होतो : पुलावर, रुळांवरून, वडिलांना, गरिबाला. टिळक पूल असे लिहाल, पण टिळक पुलावर. मोठ्याने म्हणून पाहा, 'पूल' म्हणताना आवाज लांबतो आणि 'पुलावर' म्हणताना आखडतो. कान लावलात तर नियम पाठ करावा लागत नाही. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. शरीर आणि शरीराला, परीक्षा आणि परीक्षेला, दोन्हीकडे दीर्घच. असा शब्द अडला तर शब्दकोश पाहा. तो माझ्या टेबलावर असतो, विचारायची गरज नाही.

टिं म्हणजे टिंब, अनुस्वार सुटला आहे किंवा जास्तीचा पडला आहे. अनेकवचनाला प्रत्यय लागला की टिंब येते : लोकांना, मुलांनी, डब्यांत. ज्यांच्याविषयी आदराने बोलतो त्यांनाही ते लागते : आजींनी, बाईंनी, सरांना. उलटीही चूक होते. एकट्या मुलाबद्दल लिहिताना 'त्यांने' असे काही जण लिहितात, तिथे 'त्याने' हवे.

⌒ हे चिन्ह दोन शब्दांच्या डोक्यावर असेल तर ते जोडून लिहा. 'दादर पर्यंत', 'पावसा मुळे', 'घरा समोर' नव्हे, तर दादरपर्यंत, पावसामुळे, घरासमोर. मोबाइलवर टाइप करताना हे शब्द सुटे पडतात आणि तीच सवय वहीत उतरते. उभी रेघ | असेल तिथे शब्द तोडा. हे क्वचितच येईल.

जांभळा

लिं म्हणजे लिंग किंवा वचन जुळत नाही. 'पाणी तुंबला', 'मी तिकीट काढला' असे लिहिले तर तिकीट नपुंसकलिंगी आहे, पाणीही तसेच, हे लक्षात घ्या. पाणी तुंबले, मी तिकीट काढले.

बो म्हणजे बोलण्यातले रूप लेखनात आले आहे. आपल्याकडे मुली सर्रास 'मी गेली', 'मी बोलली' म्हणतात. निबंधात 'मी गेले' लिहायचे. हे चिन्ह दिसले म्हणून तुमच्या घरची भाषा चुकीची आहे असे मुळीच समजू नका. कुणाची आजी मालवणीत बोलत असेल, कुणाच्या घरी आगरी किंवा कोळी बोली असेल, तर ती निबंधात जरूर येऊ द्या, पण अवतरण चिन्हांत, त्या माणसाच्या तोंडी. आजी 'खंय जातंस?' विचारते तेव्हा तिच्या तोंडी 'कुठे जातोस?' घालू नका. तिथे मी कधीही 'बो' लिहिणार नाही, झाले तर हिरवी खूण देईन. 'केले' आणि 'केलं' यांपैकी काहीही निवडा, पण एकदा निवडलेत की पूर्ण निबंधात तेच ठेवा. निम्मा निबंध एक आणि निम्मा दुसरे असेल तर 'बो' येईल.

हिं या चिन्हाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. मुंबईत आपण दिवसभर दोन-तीन भाषांत वावरतो आणि हिंदी वाक्याचा साचा मराठीत कधी शिरतो ते कळतही नाही. 'मी त्याला बोललो' हे 'मी त्याला म्हणालो' किंवा 'सांगितले' असे हवे. 'माझी मदत केली' नव्हे, 'मला मदत केली'. 'डबा खाली होता' असे वाचले, की मला तो रुळांच्या खाली गेल्यासारखा वाटतो. मराठीत तो 'रिकामा' असतो. आणि 'वडिलांनी गावी शिक्षा घेतली' या वाक्याचा अर्थ मराठीत काय होतो ते घरी विचारा. लोकल, बस, मोबाइल, टॅक्सी या शब्दांना मात्र हे चिन्ह लागणार नाही, ते आपलेच झाले आहेत. परका शब्द मला खटकत नाही, परकी वाक्यरचना खटकते.

क्र म्हणजे वाक्यातल्या शब्दांचा क्रम बदला. शब्दांखाली मी १, २, ३ आकडे घालीन.

केशरी

वि म्हणजे विरामचिन्ह चुकले किंवा राहिले. " " म्हणजे कुणाचे तरी बोलणे आहे आणि अवतरण चिन्हे राहून गेली. केशरीचे एवढेच.

हिरवा

लाल चिन्ह एकही नसलेला निबंधही निर्जीव असू शकतो. म्हणून माझे लक्ष सगळ्यात जास्त हिरव्यावर असेल.

दा म्हणजे दाखला द्या. 'खूप पाऊस पडला', 'खूप मजा आली' अशा वाक्यांवर हे चिन्ह हमखास येईल. गेल्या वर्षी एकाने वडिलांकडून ऐकलेल्या २६ जुलै २००५ च्या पावसावर लिहिले होते आणि पहिले वाक्य होते, 'त्या दिवशी प्रचंड पाऊस झाला'. मी त्याला दाखला द्यायला सांगितले. त्याने दुसऱ्या खर्ड्यात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद दिली. त्यापुढे लिहिले, की वडील कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघाले आणि घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. आकडा चांगलाच होता, पण मला ती चप्पल आजही आठवते.

त म्हणजे तथ्य तपासा. 'भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १८५७ मध्ये धावली' असे कुणी लिहिले, तर मी साल दुरुस्त करणार नाही, 'त' लिहीन. ग्रंथालयात जाऊन १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे तुम्ही शोधायचे.

पु म्हणजे पुनरुक्ती, प म्हणजे इथून नवा परिच्छेद. ? म्हणजे वाक्य दोनदा वाचूनही मला कळले नाही. हे दिसले तर सरळ माझ्याकडे या. तुम्हाला काय म्हणायचे होते ते तोंडी सांगा, बहुतेक वेळा सांगता सांगताच चांगले वाक्य सापडते. ✓✓ म्हणजे हे वाक्य मला फार आवडले. तेही परत वाचा आणि ते का जमले याचा विचार करा.

एक नमुना

फळ्यासाठी मी स्वतः रचलेला हा परिच्छेद. चिन्ह चौकटी कंसात दाखवले आहे.

मी वडिलां [⌒] बरोबर दादरला गेली [बो]. पुलावर खुप [दी] गर्दी होती. वडिलानी [टिं] मला हात धरायला सांगितले. गाडी खाली [हिं] आली आणी [ऱ्ह] आम्ही चढलो. खूप मजा आली [दा].

सात चिन्हे आहेत. सहा पाच मिनिटांत सुटतील, सातव्याला वेळ लागेल. दुरुस्तीनंतर तो परिच्छेद असा होऊ शकतो :

मी वडिलांबरोबर दादरला गेले. पुलावर खूप गर्दी होती. वडिलांनी मला हात धरायला सांगितले. गाडी रिकामी आली आणि आम्ही चढलो. मला खिडकी मिळाली. वडील पूर्ण डबा मोकळा असूनही माझ्याशेजारी उभेच राहिले, कारण त्यांना बसून प्रवास करायची सवयच उरलेली नाही.

शेवटच्या वाक्याला मी ✓✓ देईन.

दुरुस्ती कशी करायची

निबंध उजव्या पानावर लिहा, डावे पान कोरे सोडा. वही मिळाल्यापासून दोन दिवसांत डाव्या पानावर, चिन्हाच्या समोर, पेन्सिलने दुरुस्ती करा. तोच शब्द पाच-पाच वेळा लिहू नका, त्याऐवजी त्या शब्दाचे एक नवे वाक्य करा. चिन्ह सुटले नाही तर शेजारच्याला विचारलेले चालेल, पण उत्तर उतरवून घेऊ नका, कारण विचारा. चिन्हे मोजून गुण कापले जाणार नाहीत. दहापैकी आठ गुण निबंधाचे आणि दोन गुण डाव्या पानाचे. ज्याच्या वहीत पंचवीस चिन्हे आहेत आणि पंचवीसही सुटली आहेत, त्याला ते दोन्ही मिळतील.

दर निबंधात सगळे रंग येणार नाहीत. पहिल्या निबंधात मी फक्त लाल आणि हिरवा वापरीन, दुसऱ्यात जांभळाही येईल. केशरी दिवाळीनंतर.

पालकांना एक विनंती. वहीत चिन्हे बरीच दिसली तरी मुलाला रागावू नका आणि दुरुस्ती करून देऊ नका. त्याने निबंध मोठ्याने वाचला तर शेजारी बसून ऐका.

पहिला निबंध 'फलाटावरचा अर्धा तास'. वह्या शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी माझ्या टेबलावर.

तुमच्या मराठीच्या बाई