विषय: दिवाळी अंक कुठवर आलाय – तारीख १४ नव्हे, १७

मेधाताई, नमस्कार.

सकाळी तुमची मेल आली तेव्हा मी प्रेसवर होतो. परत येऊन सगळे फर्मे तपासले आणि बाइंडरशीही बोललो, म्हणून उत्तराला दुपार झाली.

आधी तारीख, कारण तुम्हाला विक्रेत्यांना आजच कळवायचं आहे. १४ ऑक्टोबरला अंक हातात येणार नाही. शनिवारी, १७ तारखेला पहिल्या हजार प्रती मिळतील, उरलेल्या तीन हजार शुक्रवारी, २३ला. मधल्या दिवसांत खंडेनवमी आणि दसरा आहे. यंत्रांची पूजा झाली की बाइंडरकडे कुणी कटिंग मशीनला हात लावत नाही, आणि त्यांनी लावावा असं मी म्हणणारही नाही.

तुम्ही विचारलंत, ‘सत्तर टक्के तरी झालं का?’ छपाईच्या हिशेबाने तेवढं झालंय. २०८ पानांचे १३ फर्मे, त्यांतले ९ छापून गठ्ठे बांधून ठेवलेत. पण हा आकडा कुणाला सांगू नका. परफेक्ट बाइंडिंगला सगळे फर्मे एकत्र लागतात. एक जरी मागे राहिला तरी बाकीचे बारा नुसते जागा अडवून बसतात.

राहिलेल्या चारपैकी तीन फर्मे ‘जुन्या अंकांतून’ या विभागाचे आहेत. खरा उशीर तिथेच आहे. ते लेख १९९९ ते २००४ या काळातल्या आपल्याच अंकांतले, पेजमेकरच्या फाइलींमधले. त्या जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी अदलाबदल बरोबर करतो, पण जोडाक्षर आलं की अडखळतो. ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘स्थिती’ची ‘स्थतिी’. ही मोडतोड नजरेला लगेच दिसते, त्यामुळे तिची फारशी भीती नाही.

भीती आहे ती चुकूनही बरोबर दिसणाऱ्या शब्दांची. सह्याद्रीवरच्या लेखात सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या, आणि एका आठवणींच्या लेखात आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना मिळाली होती! स्पेलचेक अशा ठिकाणी गप्प राहतो. म्हणून हे ४८ पानी मजकूर छापील जुना अंक समोर ठेवून वाचावे लागताहेत: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं. आपले दोन्ही मुद्रितशोधक काका दुपारी चारपर्यंतच बसतात. काल संध्याकाळपर्यंत १९ पानं झाली. रविवारपर्यंत उरलेली होतील, मंगळवारी, ६ तारखेला प्लेटा निघतील, शुक्रवारी ९ला छपाई संपेल आणि त्यानंतर बाइंडिंग. संपादकांनी हा विभाग गाळून १६० पानांचा अंक काढू का, असंही विचारलं होतं. मी नको म्हणालो. वर्गणीदारांना आपण याच विभागाची जाहिरात केली आहे.

चौथा फर्मा रंगीत, आर्ट पेपरवरचा. त्याचा मजकूर तयार आहे, फक्त दोन जाहिराती अडल्यात आणि त्या तुमच्याकडून हव्यात. सराफांची अर्ध्या पानाची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपीजी आहे, ती अर्ध्या पानाएवढी ताणली तर दागिने ओळखू येणार नाहीत. पतसंस्थेची फाइल आरजीबीमध्ये आहे, त्यांच्या लोगोचा केशरी रंग छपाईत मातकट उतरेल. दोन्हीकडून सीएमवायकेमधली, ३०० डीपीआयची पीडीएफ गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळवाल का? नाही मिळाली तर ती अर्धी पानं मी आपल्या वर्गणीच्या आवाहनाने भरीन, कारण शुक्रवारी हा फर्मा मशीनवर चढलाच पाहिजे. पैसे परत करायची वेळ आली तर तुम्हालाच बोलावं लागेल, म्हणून आताच सांगून ठेवतो.

पहिल्या हजार प्रतींबद्दल माझं मत असं: परदेशातले आणि महाराष्ट्राबाहेरचे वर्गणीदार आधी, मग विदर्भ-मराठवाड्याची पार्सलं. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांना २३ नंतर दिले तरी लक्ष्मीपूजनाला दोन आठवडे उरतात. दसऱ्याच्या प्रकाशनासाठी मात्र पन्नास प्रती बाजूला काढून ठेवा, नाहीतर व्यासपीठावर वाटायलाच काही नसेल. वितरण तुमचं, तेव्हा क्रम बदलायचा असेल तर १५ तारखेपर्यंत कळवा, बाइंडरला गठ्ठे त्याप्रमाणे बांधायला सांगतो.

मुखपृष्ठ छापून लॅमिनेशनला गेलंय. एक शीट तुमच्या टेबलावर ठेवलंय, रंग छान उतरलाय.

पुढची खबर सोमवारी प्रुफं संपली की देतो. त्याआधी काही घसरलं तर फोन करीनच.

– सुहास
निर्मिती विभाग, मंगळवार, २९ सप्टेंबर २०२६