प्रोटॉन विनिमय पटल इंधनघट: ऑक्सिजनपाशी अडणारे व्होल्ट

हायड्रोजन जाळला की उष्णता मिळते. तोच हायड्रोजन आणि ऑक्सिजन ज्योतीशिवाय, दोन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडांवर झिजवले की वीज मिळते. विल्यम ग्रोव्ह याने 1839 च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्या आणि पातळ सल्फ्युरिक आम्ल घेऊन हे दाखवले होते. आजच्या इंधनघटात त्या आम्लाच्या जागी पॉलिमरचे एक पातळ पटल असते, म्हणून त्याचे नाव प्रोटॉन विनिमय पटल इंधनघट. 'यात इंजिन नाही, म्हणून उष्णता-इंजिनांच्या कार्यक्षमतेवरची कार्नोची मर्यादा नाही, म्हणून कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के' असा एक समज सर्रास आढळतो. पहिली दोन वाक्ये बरोबर आहेत, तिसरे चूक आहे. का चूक आहे, हे दाखवण्यासाठी हा निबंध.

आधी घटाचे काम पाहू. अ‍ॅनोडवर हायड्रोजन येतो आणि प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवर फुटतो. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना पटलातून वाट नाही, ते बाहेरच्या तारेने फिरून जातात आणि जाता जाता आपले काम करतात. कॅथोडवर हवेतला ऑक्सिजन या दोघांना गाठतो आणि पाणी होते.

```
अ‍ॅनोड:  H₂ → 2H⁺ + 2e⁻
कॅथोड:  ½O₂ + 2H⁺ + 2e⁻ → H₂O
```

पटलाचे रसायन सुंदर आहे. ते नॅफिऑन या पॉलिमरचे असते; त्याचा कणा टेफ्लॉनसारखा, पाण्याला दूर ठेवणारा. त्याला लोंबणाऱ्या शाखांच्या टोकांना सल्फोनिक आम्लाचे गट, पाण्याला ओढून घेणारे. पाणी मिळाले की हे गट एकत्र येऊन नॅनोमीटर रुंदीच्या वाटा तयार करतात आणि प्रोटॉन त्यांतून पाण्याच्या रेणूंच्या आधाराने सरकतो. पाणी नसेल तर वाट नाही. ऑगस्ट 1965 मधल्या जेमिनी 5 या अंतराळयानात जो इंधनघट होता, त्याचे पटल पॉलिस्टायरीनवर सल्फोनिक गट बसवून केलेले होते आणि ते फार टिकत नसे. फ्लोरिनयुक्त कण्याने तो प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला.

आता ऊर्जेचा हिशेब. 25 अंश सेल्सिअसला एक मोल हायड्रोजनपासून द्रवरूप पाणी होताना 285.8 किलोज्यूल एन्थॅल्पी सुटते. त्यातली वीज म्हणून मिळू शकते ती फक्त गिब्ज मुक्त ऊर्जा, 237.1 किलोज्यूल. दीड मोल वायूचे एक मोल द्रव होते, एन्ट्रॉपी घटते आणि तिची किंमत उष्णतेच्या रूपाने चुकवावीच लागते.

```
E° = −ΔG°/2F = 237100/(2 × 96485) = 1.229 V
ηmax = ΔG°/ΔH° = 237.1/285.8 = 0.83
```

म्हणजे घट कितीही निर्दोष बनवला तरी 83 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. तापमान वाढवले तर हा आकडा आणखी उतरतो. 80 अंशांना आदर्श विभव 1.18 व्होल्टच्या आसपास येतो. तरीही तुलना करण्याजोगी आहे. 80 आणि 25 अंशांच्या दरम्यान चालणाऱ्या उष्णता-इंजिनाला कार्नो जेमतेम 16 टक्के देतो.

इथे एक सावधगिरी हवी. काही जण पाणी वाफ म्हणून बाहेर पडते असे धरून 241.8 किलोज्यूलने भागतात. मग तोच घट कागदावर अधिक कार्यक्षम दिसतो. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत, पण कोणती वापरली ते न सांगता टक्केवारी देणे मला पटत नाही. या निबंधात वरचे, म्हणजे द्रव पाण्याचे मूल्य धरले आहे.

आमच्या विभागातल्या प्रयोगशाळेत 25 चौरस सेंटिमीटरचा एकल घट आहे. पटल सुमारे 50 मायक्रॉन जाडीचे, तापमान 80 अंश, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा. भार न लावता मीटरवर 0.96 व्होल्ट दिसले. एक इलेक्ट्रॉनही बाहेर वाहिलेला नसताना 0.2 व्होल्टपेक्षा जास्त गेले! थोडा हायड्रोजन पटलातून गळून थेट कॅथोडवर पोचतो आणि प्लॅटिनमवर ऑक्साइडचा थरही बसलेला असतो. या दोन्हींमुळे कॅथोडचा विभव खाली ओढला जातो. मग भार वाढवत 25 अँपिअरवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 1 अँपिअरवर, घट 0.62 व्होल्टवर स्थिरावला. त्या क्षणी 37 वॉटचा हायड्रोजन आत जात होता, 15.5 वॉट वीज मिळत होती आणि उरलेले 21.5 वॉट उष्णता झाले होते. कार्यक्षमता 42 टक्के.

1.18 पासून 0.62 पर्यंतचे 0.56 व्होल्ट गेले कुठे? पहिला संशय पटलावर जातो. ओल्या नॅफिऑनची वाहकता दर सेंटिमीटरला साधारण 0.1 सीमेन्स धरली, तर 50 मायक्रॉनला रोध 0.05 ओहम चौरस सेंटिमीटर, म्हणजे तोटा 0.05 व्होल्ट. जोडांचा रोध मिळवला तरी हा आकडा 0.08 च्या आसपास राहतो. हवेतला ऑक्सिजन सच्छिद्र थरातून आणि साचलेल्या पाण्यातून वाट काढत पोचतो, त्याचा तोटाही साधारण तेवढाच. उरलेले सुमारे 0.4 व्होल्ट एकट्या कॅथोडवरच्या अभिक्रियेने खाल्ले. हायड्रोजन प्लॅटिनमवर सहज फुटतो; ऑक्सिजनची अभिक्रिया त्याच प्लॅटिनमवर त्याच्या मानाने लाखो पटींनी मंद आहे.

हा दोष नुसता प्लॅटिनमचा नाही. ऑक्सिजनचे पाणी होताना पृष्ठभागावर आधी OOH आणि शेवटी OH चिकटलेले असतात. आदर्श उत्प्रेरकावर या दोन अवस्थांत 2.46 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर हवे. पण दोघेही ऑक्सिजनच्याच टोकाने चिकटतात, त्यामुळे धातू बदलला की दोघांची पकड एकत्रच घट्ट किंवा सैल होते आणि अंतर 3.2 च्या आसपासच राहते. जादा 0.74 दोन पायऱ्यांत सारखे वाटले तरी दर पायरीला 0.37 व्होल्टचा दंड बसतो. प्लॅटिनम-कोबाल्ट, प्लॅटिनम-निकेल अशा मिश्रधातूंनी थोडे मिळवता येते, पण धातूचा सपाट पृष्ठभाग वापरून या बंधनातून पूर्ण सुटका नाही. इंधनघटाची खरी मर्यादा मला इथे दिसते, 83 टक्क्यांच्या आकड्यात नाही.

पटलाला मात्र दुर्लक्षून चालत नाही. एकदा आर्द्रता देणाऱ्या बाटलीचे तापमान चुकून 60 अंशांवर राहिले. वीस मिनिटांत त्याच धारेवर विभव 0.62 वरून 0.51 वर घसरला. पटल सुकत होते. उलट आर्द्रता जास्त झाली की बाहेर जाणाऱ्या पारदर्शक नळीत थेंब साचतात आणि प्रत्येक थेंब पुढे सरकताना मीटरचा काटा दचकतो. पाणी कमी झाले तर प्रोटॉन अडतो, जास्त झाले तर ऑक्सिजन.

पाण्याच्या याच गरजेमुळे तापमान 80 अंशांच्या फार वर नेता येत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जिची चाचणी झाली, त्या हायड्रोजन मोटारीचा घटही 65 ते 75 अंशांवर चालणारा होता. विदर्भातल्या मे महिन्यात हवा 45 अंशांची असते. निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकायची आणि तापमानातला फरक जेमतेम 20-30 अंशांचा, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. हवा दाबून आत सोडणारा कॉम्प्रेसर घटाच्याच विजेवर चालतो; तीही वजा करावी लागते.

आमच्याच घटावर धारा पाचपट कमी केली, दर चौरस सेंटिमीटरला 0.2 अँपिअर, तेव्हा 0.78 व्होल्ट मिळाले. कार्यक्षमता 53 टक्के. पण तेवढ्याच क्षेत्रातून शक्ती चौपट कमी झाली. तेवढीच शक्ती हवी असेल तर चौपट क्षेत्राचे पटल आणि चौपट प्लॅटिनम लावावे लागेल.